पाकिटावरची खार

मॅस्कॉटचं पहिलं चित्र बहुतेक वेळा मोठ्या पडद्यावर, स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर जन्माला येतं. तिथे त्याच्या मिश्यांचा केस न् केस मोजता येतो, गालांवरची लाली हळूच विरत जाते आणि डोळ्यांत तीन-तीन चमकते ठिपके मावतात. बैठकीत सगळे माना डोलावतात. पुढे तेच पात्र फुगलेल्या पाकिटावर छापून येतं, तेव्हा मिश्या गालावरच्या ओरखड्यांसारख्या दिसतात, लालीच्या जागी चट्टा उठलेला असतो आणि डोळ्यांतली चमक बुजून नजर मेलेली असते. चित्रकाराचा हात बिघडलेला नसतो. चित्र उलट्या टोकाकडून सुरू झालेलं असतं, एवढंच.

लहान मुलांच्या खाऊचा मॅस्कॉट सगळ्यात अडचणीच्या जागेपासून आखायला सुरुवात करावी. ही अडचणीची जागा म्हणजे दोन सेंटिमीटरचा स्टिकर आणि चकाकत्या फिल्मवर छापलेलं सर्वांत छोटं पाकीट. तिथे जे टिकतं ते होर्डिंगवरही टिकतं. होर्डिंगवर टिकलेलं तिथे टिकेल याची मात्र खात्री नसते. समजा, मक्याच्या फुगीर रिंगांचं पाकीट आहे आणि त्यासाठी खार निवडली आहे. ही एकच खार कागदावरून पाकिटावर, तिथून स्टिकरवर आणि मग जाहिरातीत कशी जाते ते पाहू.

खारच का? सोपा मोह असा होतो की रिंगेलाच डोळे-तोंड काढावं. उत्पादन आणि पात्र एकच, ओळख पक्की. पण पहिल्याच जाहिरातीत अडतं. पात्र खाऊ खाताना दाखवायचं, तर ते आपल्याच भावंडांना खातंय. मूल खाताना दाखवायचं, तर हसऱ्या तोंडाचा घास घेतंय. मोठ्यांना हे गमतीचं वाटतं, पण चार वर्षांचं मूल हमखास विचारतं, "त्याला दुखत नाही का?" शिवाय रिंगेला हात-पाय लावले की मधल्या भोकाचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. खाणारं पात्र वेगळं आणि खाऊ वेगळा ठेवला की ही कटकट संपते. खारीचा स्वभावच दोन पंजांत काहीतरी धरून कुरतडण्याचा, त्यामुळे खाऊ हातात देण्यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही. आणि तिच्याकडे दोन गोष्टी आयत्या आहेत: भरलेले गाल आणि शेपूट. एवढ्यावर तिचं भागलं पाहिजे. पाठीवरचे पट्टे समोरून दिसतच नाहीत, म्हणून ओळख त्यांच्यावर टेकवण्यात अर्थ नाही.

आता आकार. प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झने 1943 मध्ये बाळाच्या चेहऱ्यातल्या कोणत्या खुणा मोठ्यांना हळवं करतात याची यादी मांडली होती: शरीराच्या मानाने मोठं डोकं, उंच कपाळ, खालच्या अंगाला बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड जाड हातपाय. मॅस्कॉट काढणारे कळत-नकळत हीच यादी वापरतात. आपल्या खारीची पाकिटावरची उंची 80 मिलिमीटर धरली, तर त्यातले 40 मिलिमीटर नुसतं डोकं, म्हणजे 'दोन डोक्यांची' आकृती. डोळ्यांचा मध्य डोक्याच्या अर्ध्या उंचीच्या थोडा खाली. गालांसकट चेहऱ्याची रुंदी 46 मिलिमीटर. इथपर्यंत सगळं गोजिरवाणं आहे.

गोम आहे ती हातांत. यादीतला 'आखूड हात' चित्रात छान दिसतो, म्हणून हात 18 मिलिमीटरचा ठेवला. खांदा हनुवटीच्या खाली, मध्यरेषेपासून 12 मिलिमीटरवर. आता खारीला हात वर करून 'टाटा' करायला सांगा. पंजा जेमतेम गालाच्या उंचीला पोचतो, आणि गाल मध्यरेषेपासून 23 मिलिमीटरपर्यंत पसरलेला असल्यामुळे तो गालावरच पडतो. चित्र काळ्या रंगाने भरून नुसती सावली पाहिली तर हात गायब. आडवा पसरला तर 12 अधिक 18, म्हणजे 30 मिलिमीटरपर्यंत जातो. गालाच्या बाहेर उरतात फक्त 7. तेवढ्यात पंजा आणि त्यातली रिंग मावत नाही. म्हणून हात किमान 24 मिलिमीटर हवा, आणि टाटा डोक्यावरून न करता तिरका बाहेरच्या बाजूला. हे गणित पहिल्या कच्च्या चित्राच्या वेळीच करावं लागतं. मागाहून हात लांबवला की पात्राचं वय बदलल्यासारखं वाटतं. बाळाचा एकदम शाळकरी पोरगा होतो.

सावलीची ही परीक्षा सगळ्या मुद्रांना लावावी. बसलेली खार, धावणारी खार, रिंग दाखवणारी खार, प्रत्येक आकृती एकरंगी काळी करायची आणि नखाएवढी लहान करून पाहायची. खार ओळखू येते का? तिच्या हातात काही आहे हे कळतं का? शेपूट पाठीमागे लपली की उरतो तो उंदीर किंवा अस्वलाचं पिल्लू. यावर जुनी युक्ती आहे. मिकी माउसचे कान तो कुठेही वळला तरी दोन गोल चकत्यांसारखेच दिसतात. खऱ्या प्राण्याचे कान असे वागणार नाहीत, पण ओळख त्यांनीच टिकते. आपल्या खारीलाही तसाच नियम घालून द्यायचा: ती समोर पाहो की बाजूला, शेपटीचा वळलेला शेंडा डोक्याच्या एका बाजूने बाहेर दिसलाच पाहिजे. शरीरशास्त्राला ते खपत नसलं तरी चालेल.

मात्र या नियमात एक खाच आहे. शेपूट उजवीकडे असलेलं चित्र उद्या कोणीतरी पाकिटाच्या मांडणीसाठी आरशासारखं उलटवणार, हे गृहीत धरा. म्हणून जे एकाच बाजूला असतं ते उलटवल्यावरही चालेल असंच असावं. शेपूट उलटली तर बिघडत नाही. पण एका कानाला चीर, एका गालावर तीळ, छातीवर अक्षर असं काही असेल, तर महिन्याभरात बाजारात दोन वेगळ्या खारी फिरू लागतात. छातीवरच्या अक्षराला तर दुसरीही अडचण आहे: दुसऱ्या लिपीच्या प्रदेशात पाकीट गेलं की ते बदलावं लागतं.

चेहऱ्यात मैत्री कुठे असते? बहुतेक लोक तोंडाकडे पाहतात आणि हसू रुंद करत सुटतात. खरं तर हसू डोळ्यांच्या खालच्या पापणीत असतं. गाल वर चढले की खालची पापणी किंचित वर सरकते आणि बुबुळाचा तळ झाकते. हे न करता नुसतं तोंड फाकवलं, तर चेहरा विक्रेत्यासारखा होतो. दुसरी चूक बुबुळांची. बुबुळाच्या चारही बाजूंनी पांढरं दिसलं की पात्र दचकलेलं किंवा रोखून पाहणारं वाटतं. बुबुळ वरच्या किंवा खालच्या पापणीला थोडं तरी टेकलेलं हवं. तिसरी चूक दातांची. खारीचे पुढचे दोन दात हे तिचं वैशिष्ट्य खरं, पण ते वेगवेगळे आणि टोकदार काढले तर लहान आकारात सुळ्यांसारखे दिसतात. दोन्ही मिळून एकच गोलसर पांढरा आकार ठेवावा, मध्ये रेघ मारू नये. छपाईत ती रेघ एक तर बुजते नाहीतर जाड होते, आणि दोन्हीत दात किडलेला वाटतो. उघड्या तोंडाच्या आतला रंग काळा नको. गडद तांबूस किंवा रेषेचाच तपकिरी रंग घेतला तर तोंड तोंड वाटतं, विवर वाटत नाही.

इथपर्यंतचं काम कागदावरचं. आता पाकीट.

हवा भरलेल्या उशीसारख्या पाकिटाची मांडणी सपाट चौकोनावर केली जाते आणि फसगत तिथेच होते. सपाट असताना पाकीट 120 मिलिमीटर रुंद आहे असं धरू. पुढची आणि मागची बाजू मिळून घेर 240 मिलिमीटर. हेच पाकीट फुगून अगदी नळीसारखं गोल झालं, तर त्याचा व्यास 240 भागिले 3.14, म्हणजे सुमारे 76 मिलिमीटर. खरं पाकीट इतकं गोल होत नाही, वरखालच्या सीलजवळ ते सपाटच राहतं. पण पोटाजवळ समोरून दिसणारी रुंदी 76 आणि 120 यांच्या मध्ये कुठेतरी येते. बाकीची कडेला वळून जाते. म्हणजे शेपटीसाठी ऐसपैस जागा आहे असं पडद्यावर वाटतं, पण दुकानातल्या फळीवर ती पाकिटाच्या कुशीत गेलेली असते. खारीचा चेहरा, हातातली रिंग आणि शेपटीचा शेंडा, हे तिन्ही मधल्या 75 मिलिमीटरमध्ये बसले पाहिजेत. शेपटीचा बाकीचा फुगारा कडेला गेला तरी चालतो.

उभ्या दिशेलाही असंच. वर आणि खाली साधारण दहा-दहा मिलिमीटर सीलमध्ये जातात आणि सीलच्या कोपऱ्यांतून आत सुरकुत्या निघतात. त्या कुठून कुठे जातात हे रिकाम्या फिल्मचं पाकीट फुगवून पाहिल्यावर लगेच दिसतं. त्या पट्ट्यात चेहरा ठेवायचा नाही. खारीची पावलं सीलला टेकवून 'उभी' करण्याचा मोह होतो. पण कापण्याच्या जागेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची सरक नेहमीची असते, त्यामुळे एखाद्या पाकिटावर पावलं कापली जातात आणि दुसऱ्यावर ती हवेत तरंगतात. पावलांखाली स्वतःचा जमिनीचा तुकडा द्यावा आणि तो सीलपासून पाचेक मिलिमीटर दूर ठेवावा. शिवाय पाकिटं पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभी राहणार असतील तर ट्रेची पुढची कड खालचा काही भाग झाकते. तिची उंची आधी विचारून घ्या. पायांशी काढलेली सुंदर सांडलेली रिंगांची रास त्या कडेमागे लपून बसते, हे नेहमीचं दुःख. तारखेचा शिक्का मारण्याची जागाही पहिल्या दिवशीच आखून घ्यावी, नाहीतर यंत्रचालक त्याला सोयीच्या जागी, म्हणजे खारीच्या कपाळावर, उत्पादनाची तारीख मारून मोकळा होतो.

मग फिल्म. अशी पाकिटं बहुधा पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला उलटी छापतात. आधी रंग, सर्वांत शेवटी पांढरा, आणि मग त्यामागे चंदेरी फिल्म चिकटवतात. शाई दोन थरांच्या मध्ये बंद राहते, हाताला लागत नाही. पण याचा एक परिणाम चित्रकाराला माहीत असलाच पाहिजे: इथे पांढरा म्हणजे कागद नव्हे, ती एक शाई आहे. जिथे पांढरा मागे नाही तिथे चंदेरी फिल्म डोकावते. डोळ्याचं पांढरं, दात आणि चमकता ठिपका यांच्यामागे पांढरा द्यायला फाईलमध्ये कोणी विसरलं, की खार धातूच्या डोळ्यांनी पाहू लागते. म्हणून पांढऱ्याचा थर वेगळा, नाव देऊन ठेवायचा आणि तो स्वतंत्रपणे उघडून तपासायचा. खारीच्या पूर्ण आकृतीमागे सलग पांढरा हवा, रंगांच्या कडेपेक्षा किंचित आत ओढलेला. नाहीतर छपाईत थोडीशी सरक झाली की आकृतीभोवती नको तिथे पांढरी किनार दिसते.

ही सरक हा या गोष्टीतला खलनायक आहे. प्रत्येक रंग वेगळ्या सिलिंडरवरून येतो आणि फिल्म ताणली जाते, त्यामुळे रंग एकमेकांवर तंतोतंत बसतीलच असं नाही; दशांश मिलिमीटरांत तरी ते हलतात. 80 मिलिमीटरच्या खारीला ते जाणवत नाही. डोळ्याला जाणवतं. बुबुळ गडद दिसावं म्हणून ते निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असं चार रंगांनी भरलं, तर त्यातला चमकता ठिपका चारही सिलिंडरांवर कोरलेला असतो. चारपैकी एक जरी हलला तरी ठिपक्याच्या कडेला रंगीत चंद्रकोर उमटते, आणि ठिपका लहान असेल तर तो भरूनच जातो. चमक गेली की नजर गेली. उपाय साधा आहे: बुबुळ एकाच शाईचं. आणि ती शाई खारीच्या बाह्यरेषेचीच असावी.

इथून रंगांचा हिशेब आपोआप मांडला जातो. आठ रंगांचं यंत्र आहे असं धरा. खाऊच्या छायाचित्राला चार रंग लागतात, पांढरा पाचवा. उरले तीन. एक पाकिटाच्या पार्श्वभूमीचा, एक खारीच्या अंगाचा नारिंगी-तपकिरी, एक रेषेचा गडद तपकिरी. रेषेचा हाच रंग मागच्या बाजूच्या, सगळ्या चवींना सारख्याच राहणाऱ्या बारीक मजकुरालाही वापरता येतो. खारीचं अंग छायाचित्राच्या चार रंगांतून न बनवता स्वतंत्र शाईने छापलं की पाकिटागणिक ती कधी पिवळट, कधी लालसर होत नाही. मुलांच्या नजरेला हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर खुपतो असं माझं मत आहे. फाईल नीट वेगळी केलेली असेल तर नव्या चवीसाठी पार्श्वभूमीची शाई, छायाचित्र आणि मजकूर बदलतो, खारीचे दोन सिलिंडर मात्र तसेच राहू शकतात. अट एकच: चवीचं नाव किंवा चवीगणिक बदलणारा मजकूर त्या गडद तपकिरी रंगात नको. तो तसा असेल तर रेषेचा सिलिंडर दरवेळी नव्याने कोरावा लागतो.

गालांची लाली कशी करायची? विरत जाणारी नको. फ्लेक्सो, म्हणजे लवचीक ठशांच्या छपाईत अगदी हलक्या छटांचे ठिपके शून्यापर्यंत नीट विरत नाहीत. एका ठिकाणी ते अचानक संपतात आणि तिथे कड दिसते. पडद्यावरची मऊ लाली पाकिटावर इसबासारखी वाटते ती यामुळेच. स्पष्ट कडेचा, सपाट रंगाचा गोल गाल काढा. तो पाकिटावर, स्टिकरवर, पडद्यावर सगळीकडे सारखाच दिसतो, आणि मुलांना तो काढताही येतो.

चवी वाढल्या की आणखी एक प्रश्न येतो. पिवळ्या आणि हिरव्या पाकिटावर नारिंगी-तपकिरी खार उठून दिसते, लालवर बुडते. काही जण मग लाल पाकिटासाठी खारीचा रंगच बदलतात. तसं करू नये. खारीभोवती सगळीकडे एकसारखी पांढरी कड द्यावी, 80 मिलिमीटरच्या आकृतीला सुमारे दीड मिलिमीटरची. ही कड पार्श्वभूमीपासून तिला सोडवते. आणि गंमत म्हणजे हीच कड पुढे स्टिकरची कड होते. पाकिटावरची खार मुळातच चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसत असेल, तर हातात आलेला स्टिकर थेट पाकिटावरून सुटून आल्यासारखा वाटतो.

स्टिकरमध्ये कापण्याची रेषा हेच खरं चित्र. पात्राच्या कडेपासून दोन ते तीन मिलिमीटर बाहेरून ती जाते. साच्याने कापताना रेषा थोडी सरकतेच. कड एकच मिलिमीटर ठेवली तर एका बाजूला ती संपते आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट होते. अरुंद कडेवर हे लगेच डोळ्यांत भरतं, रुंद कडेवर लपतं. कान आणि शेपूट यांच्यामधली खोल खाच रेषेने गाठायची नाही, ती पांढऱ्याने भरून टाकायची. खाचेत कागद फाटतो, आणि सुटं टोक पोरांच्या नखाला पहिलं सापडतं. प्रत्येक बाहेरचं टोक निदान दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल करावं. टोकदार कान असलेला स्टिकर वहीच्या पुठ्ठ्यावरून कानाकडूनच उचकटतो, कारण तिथे चिकटायला क्षेत्रफळच उरत नाही. शेपटीचा शेंडा डोक्याच्या जवळ वळवून आणला असेल तर तो आणि डोकं यांच्यामध्ये पांढऱ्याचा पूल तयार होतो आणि सगळा आकार एकसंध राहतो. सावलीच्या परीक्षेत शेंडा बाहेर हवा होता, इथे तो फार लांबही नको. या दोन मागण्यांच्या मधली जागा शोधण्यातच या पात्राचं निम्मं कौशल्य आहे.

स्टिकर पाकिटात टाकायचा असेल तर तो स्वतःच्या बंद पुडीत हवा, शाई आणि गोंद खाऊला लागता कामा नये. पुडीचा रंगही खाऊपेक्षा अगदी वेगळा हवा, म्हणजे मूल चुकून ती तोंडात घालणार नाही. कित्येकदा पाकिटाच्या बाहेरच चिकटवणं जास्त शहाणपणाचं.

आता लहान आकाराचा हिशेब, जो सर्वांत जास्त टाळला जातो. 80 मिलिमीटरच्या खारीची बाह्यरेषा 1 मिलिमीटर आहे. तीच फाईल लहान करून 20 मिलिमीटरच्या स्टिकरवर टाकली की रेषा 0.25 मिलिमीटर होते, आणि डोळ्यातला 1.6 मिलिमीटरचा चमकता ठिपका 0.4 चा. गडद शाईतून कोरलेला इतका बारीक ठिपका शाई पसरली की बुजतो. म्हणून लहान खार ही मोठ्या खारीची छोटी प्रत नसते, ती वेगळी काढावी लागते. रेषा 0.6 मिलिमीटर, चमकता ठिपका 0.8, डोळा प्रमाणाबाहेर दीडपट मोठा, डोकं उंचीच्या निम्म्याऐवजी दोन-तृतीयांश. मिश्या नाहीत, बोटांच्या रेषा नाहीत, पोटावरचा फिकट पट्टा ठेवायचा की नाही ते छापून बघून ठरवायचं. दोन्ही शेजारी ठेवल्या तर लहान खार थोडी विचित्र वाटते. दोन हातांवरून पाहिली की दोघी एकच आहेत हे पटतं. साधारणपणे तीन आवृत्त्या पुरतात: पन्नास मिलिमीटरच्या वरची, वीस ते पन्नासमधली, आणि त्याखालची, ज्यात फक्त चेहरा आणि शेपटीचा शेंडा. कोणती कधी वापरायची हे फाईलच्या नावातच लिहून ठेवावं. नियमावलीचं पुस्तक कोणी उघडत नाही, फाईलचं नाव मात्र सगळे वाचतात.

मोबाईलवरच्या गप्पांतल्या स्टिकरला याच मधल्या आवृत्तीचा उपयोग होतो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी चौकट 512 × 512 पिक्सेलची लागते, आणि चित्राभोवती 8 पिक्सेलची पांढरी कड व चौकटीपासून 16 पिक्सेलची मोकळी जागा सुचवलेली आहे. स्थिर स्टिकरची फाईल 100 केबीच्या आत बसवावी लागते, हलत्याची 500 केबीच्या आत. सपाट रंगांची खार सहज बसते; विरणाऱ्या छटांची खार बसवताना फाटल्यासारखी होते. पांढरी कड इथे गडद पार्श्वभूमीसाठी आहे: रात्रीच्या काळ्या पडद्यावर गडद तपकिरी रेषा नाहीशी होते, कड असली की आकार राहतो.

जाहिरातीत खार हलू लागते आणि नवीनच भानगडी सुरू होतात. त्यासाठी आधी फिरता तक्ता लागतो: समोरून, पाऊण वळलेली, बाजूने, मागून. बाजूने काढताना खारीचं तोंड लांब होतं आणि ती एकदम उंदीर दिसायला लागते. समोरून गोल असलेला चेहरा बाजूनेही जवळजवळ गोलच ठेवायचा आणि नाक फक्त छोट्या उंचवट्याएवढं बाहेर काढायचं. पूर्ण बाजूची मुद्रा टाळून पाऊण वळलेलीच वापरावी, असा माझा कल आहे. बोलण्यासाठी ओठांचे सात-आठ आकार पुरतात, पण प्रत्येक आकार गाल रिकामे आणि गाल भरलेले अशा दोन्ही अवस्थांत काढावा लागेल की काय, हे आधीच ठरवा. भरलेल्या गालांनी खार बोलली तर शब्द गिळलेले वाटतात. सोपा नियम असा: बोलताना फार तर एकच गाल फुगलेला, खाताना दोन्ही. आणि तोंड भरलेलं असताना तिने पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. मुलं नक्कल करतात, आणि घास घशात अडकायला तेवढं कारण पुरतं.

हातातल्या रिंगेच्या मापाची एक पथ्याची गोष्ट. खरी रिंग 18 मिलिमीटरची असेल, तर पाकिटावरच्या 80 मिलिमीटरच्या खारीच्या हातातही ती तेवढीच काढावी. पंजा 9 मिलिमीटरचा, म्हणजे रिंग तिच्या हातात गाडीच्या चाकासारखी दिसेल. दिसू दे, त्यातच गंमत आहे, आणि पाकीट फोडल्यावर मुलाची निराशा होत नाही.

काही देशांत खारीला पाकिटावर जागाच मिळणार नाही, हेही आराखड्यात धरावं लागतं. चिलीमध्ये 2016 पासून साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या खाऊवर काळा इशारा छापावा लागतो आणि अशा पाकिटावर मुलांना ओढणारी पात्रं चालत नाहीत. मेक्सिकोतही इशाऱ्याचा शिक्का असलेल्या पाकिटांवर 2021 पासून तसाच मज्जाव आहे. म्हणून मांडणी करताना एकदा खार पूर्ण काढून टाकून पाकीट पाहावं. नाव, रंग आणि खाऊचं छायाचित्र एवढ्यावर ते उभं राहत नसेल, तर मांडणी पहिल्यापासून खारीच्या खांद्यावर टाकलेली आहे.

मुलांसमोर परीक्षा घेताना "आवडली का?" विचारून काही हाती लागत नाही, मुलं समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना चित्र दहा सेकंद दाखवा, झाका, आणि खडू देऊन काढायला सांगा. चित्र सुबक आहे का ते बघू नका. काय उरलं ते बघा. गोल चेहरा, फुगलेले गाल आणि वळलेली शेपूट दहातल्या बहुतेक कागदांवर आली तर पात्र तयार आहे. प्रत्येक कागदावर वेगळंच काही आलं, कुणी बो काढला, कुणी खिसे, तर अंगावर नको ते फार लादलं आहे. यापेक्षा लहान मुलं पुष्कळदा डोक्यालाच हातपाय जोडलेला माणूस काढतात. त्यांच्या कागदावर गोलाला शेपूट जोडलेली दिसली, तर ती खारच समजावी.

छपाईच्या दिवशी यंत्रातून निघालेल्या पहिल्या पट्ट्यांत सगळे रंगाकडे बघत असतात. तुम्ही भिंग घेऊन खारीच्या डाव्या आणि उजव्या डोळ्यातला चमकता ठिपका पाहा, पट्टीच्या दोन्ही कडांच्या पाकिटांवर. ठिपका पांढरा आहे का, की चंदेरी? बुबुळाची कड डोळ्याच्या पांढऱ्याशी स्वच्छ भेटते का, की मध्ये तिसऱ्याच रंगाची बारीक किनार आहे? एका कडेला स्वच्छ आणि दुसऱ्या कडेला किनार असेल, तर फिल्मच्या ताणात फरक आहे. त्यावर फाईल दुरुस्त करून उपयोग नाही, यंत्र थांबवून ताणच जुळवून घ्यावा लागतो. दोन्ही कडांना सारखीच किनार असेल, तर रंगांची बैठक चुकली आहे. सिलिंडरची जागा थोडी सरकवून ती जुळते. जुळवल्यावर पुन्हा पट्टी काढा, आणि पुन्हा डोळेच पाहा.